चेक, विनिमयपत्र की प्रॉमिसरी नोट? कलम १३८ ची तक्रार कोणाला करता येते आणि तिला काय कागद लागतात

व्यवसाय कायद्याच्या बहुपर्यायी प्रश्नांत एक प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. ‘अ ने ब ला उधारीवर माल दिला. ब ने ५ जानेवारीला १० मार्च ही तारीख टाकून १,८०,००० रुपयांचा चेक दिला. ५ जानेवारीला हा दस्तऐवज काय आहे?’ पर्याय असतात प्रॉमिसरी नोट, विनिमयपत्र, चेक आणि यांपैकी नाही. बहुतेक जण डोळे झाकून ‘चेक’वर खूण करतात, कारण छापील चेकबुकातलं पान दुसरं काय असणार?

बरोबर उत्तर आहे विनिमयपत्र. भारतात या तिन्ही कागदांना १८८१ चा परक्राम्य दस्तऐवज कायदा लागू आहे. त्यातलं कलम ६ सांगतं की चेक म्हणजे विशिष्ट बँकेवर काढलेलं आणि मागताक्षणी देय असलेलं विनिमयपत्र. पुढची तारीख घातलेला चेक त्या तारखेआधी मागताक्षणी देय नसतो. म्हणून तोवर तो नुसतं विनिमयपत्र राहतो आणि १० मार्च उजाडला की चेक होतो. सर्वोच्च न्यायालयानेही १९९३ साली हेच धरलं आहे. पण मला हा प्रश्न आवडतो तो यामुळे नाही. पैसे बुडाल्यावर कोणत्या दारात जायचं, हे ‘कागद काय आहे’ या एका उत्तरावर ठरतं, आणि ते या उदाहरणात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

कागद ओळखायचा कसा

आधी माणसं मोजा. प्रॉमिसरी नोटेत दोनच असतात, वचन देणारा आणि पैसे घेणारा. विनिमयपत्रात तिघं येतात: आदेश काढणारा, ज्याला आदेश दिला तो, आणि ज्याला पैसे मिळायचे तो. एकच माणूस दोन भूमिकांत असू शकतो, हे मात्र विसरू नका. विक्रेता गिऱ्हाइकावर ‘तीन महिन्यांनी मला द्या’ असं विनिमयपत्र काढतो, तेव्हा काढणारा आणि घेणारा एकच असतो. चेकमध्येही तिघंच असतात, फक्त आदेश ज्याला दिला तो नेहमी बँक असतो.

मग क्रियापद पाहा. ‘देईन’ असेल तर नोट, ‘द्या’ असेल तर विनिमयपत्र किंवा चेक. कलम ४ खालची मूळ उदाहरणं एकदा वाचून ठेवावीत, कारण प्रश्न तयार करणारे तिथूनच उचलतात. ‘ब ला ५०० रुपये देण्याचे मी वचन देतो’ ही नोट झाली. ‘ब ला ५०० रुपये आणि त्याला देणे निघेल ती इतर सर्व रक्कम देईन’ ही नाही, कारण रक्कम नक्की नाही. ‘क शी माझे लग्न झाल्यावर सात दिवसांनी देईन’ हीही नाही, लग्न होईलच असं नाही. आणि ‘५०० रुपये देईन व येत्या १ जानेवारीला माझा काळा घोडाही देईन’ ही नाही, कारण वचन फक्त पैशाचं हवं. तो काळा घोडा १८८१ पासून परीक्षार्थींच्या डोक्यात उधळतो आहे.

स्वीकृतीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. मुदतीचं विनिमयपत्र ज्याच्यावर काढलं त्याने स्वीकारून सही केल्याशिवाय तो त्यावर बांधला जात नाही. नोटेत देणाराच सही करतो, त्यामुळे स्वीकृतीचा प्रश्नच येत नाही. चेकलाही स्वीकृती लागत नाही, आणि बँकेने चेक परत केला तर चेक घेणाऱ्याने भांडायचं ते चेक देणाऱ्याशी, बँकेशी नाही.

तक्रार कोण करू शकतो

आता आपल्या उदाहरणात १२ मार्चला अ ने चेक खात्यात भरला आणि १६ मार्चला ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा रिटर्न मेमो हातात पडला. इथून पुढे कलम १३८ चा रस्ता आहे. तो फक्त चेकसाठी आहे. नोट किंवा विनिमयपत्र थकलं म्हणून या कलमाखाली फौजदारी तक्रार होत नाही, आणि प्रश्नपत्रिकेत ‘वरील तिन्ही’ हा पर्याय मुद्दाम यासाठीच ठेवलेला असतो.

तक्रार ज्याच्या नावे चेक आहे त्याने किंवा ज्याच्याकडे तो यथाविधी, मोबदला देऊन आला त्या धारकाने लेखी करायची असते. चेक कायदेशीर देण्यापोटी दिलेला हवा. भेट किंवा देणगी म्हणून दिलेला चेक परत आला, तर हे कलम लागत नाही. आणखी एक गोष्ट सहज निसटते: चेक आरोपीच्या स्वतःच्या खात्यावरचा हवा. ब ने आपल्या भावाच्या खात्यावरचा, भावाने सही केलेला चेक आणून दिला असेल, तर चेक ब च्या देण्यापोटी असला तरी या कलमाखाली ब ला गुंतवता येत नाही. आरोपी होतो तो सही करणारा खातेदार भाऊ. माल देताना चेकवरचं नाव आणि बिलावरचं नाव जुळतं का, हे म्हणून पाहून घ्यावं.

तारखांचा हिशेब

इथे लोक हरतात, आणि केस खरी असूनही हरतात. चेक वैध मुदतीत बँकेत गेलेला हवा. कायद्यात सहा महिने किंवा चेकची वैधता, यांपैकी जे आधी संपेल ते, असं लिहिलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेमुळे १ एप्रिल २०१२ पासून चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. त्यामुळे जुन्या उत्तरसूचीतलं ‘सहा महिने’ हे व्यवहारात तीनच समजा.

मेमो १६ मार्चला मिळाला. तिथून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. मिळाल्याचा दिवस सोडून मोजलं तर शेवटची तारीख १५ एप्रिल येते. नोटिशीत चेकच्या रकमेची मागणी स्पष्ट आकड्यात लिहा. व्याज, वकील फी मागायची असेल तर वेगळी दाखवा. सगळं मिळून एकच गोळा आकडा लिहिला आणि त्यात चेकची रक्कम वेगळी कळत नसेल, तर समोरचा वकील नोटीसच बेकायदा असल्याचं म्हणतो आणि तो मुद्दा टिकतोही.

समजा नोटीस ब ला १ एप्रिलला मिळाली. त्याला पैसे द्यायला १५ दिवस आहेत, ते १६ एप्रिलला संपतात. १७ एप्रिलला तक्रारीचं कारण निर्माण होतं आणि तिथून एक महिन्यात, म्हणजे १७ मेपर्यंत, तक्रार दाखल व्हायला हवी. उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून माफी मागता येते. पण उलट चूक जास्त जीवघेणी आहे. घाईघाईत १० एप्रिललाच तक्रार टाकली, तर ती टिकत नाही, कारण ब चे १५ दिवस अजून संपलेलेच नसतात. ते संपल्यावर न्यायालयाने दखल घेतली तरी ती सुधारत नाही.

कुठे आणि कोणते कागद

तक्रार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक खात्यात भरून वसुलीला टाकला असेल, तर अ चं खातं ज्या शाखेत आहे तिथलं न्यायालय सक्षम ठरतं. चेक कुठल्या गावात दिला किंवा ब ची बँक कुठे आहे, याने फरक पडत नाही.

सोबत मूळ चेक, बँकेचा शिक्का असलेला रिटर्न मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती, नोटीस पोचल्याची पोच किंवा ट्रॅकिंगची प्रिंट आणि देणं दाखवणारी बिलं किंवा खातेउतारा जोडतात. पुराव्याचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर चालतं. कंपनी तक्रारदार असेल तर अधिकारपत्र किंवा ठराव लागतो, आणि वकील लावला असेल तर वकीलपत्र. मेमोवर शिक्का नसेल तर आधी बँकेत जाऊन घ्या. तो कागद न्यायालयात चेक परत आल्याचं गृहीतक उभं करतो, त्यामुळे बँकेच्या कर्मचाऱ्याला साक्षीला बोलावण्याची गरज बहुधा पडत नाही. दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तोच व्यवहार, पण नोटेवर

आता ब ने चेकऐवजी ५ जानेवारीला लिहून दिलं असतं, ‘आजपासून दोन महिन्यांनी अ ला १,८०,००० रुपये देण्याचे मी वचन देतो’, तर? मुदत ५ मार्चला भरते, पण कायदा तीन दिवसांची सवलत देतो, म्हणून नोट ८ मार्चला देय होते. तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल तर आधीचा कामकाजाचा दिवस धरायचा, पुढचा नाही. (पुढचा दिवस लिहून गुण घालवणारे दरवर्षी भेटतात.) चेकला अशी सवलत नसते.

पैसे आले नाहीत तर अ चा मार्ग दिवाणी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली नोट, हुंडी आणि विनिमयपत्रावर सरसकट दाव्यापेक्षा जलद, संक्षिप्त दावा लावता येतो. तिथे ब ला आपोआप बचाव मांडता येत नाही. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि पुढे बचावाची परवानगी मागावी लागते. चेक हेही विनिमयपत्रच असल्यामुळे चेकवरही हा दावा चालतो.

पण नोटेचा खरा पाया मुद्रांक आहे. चेकला मुद्रांक लागत नाही, नोटेला लागतो आणि तोही सही करण्याआधी किंवा सही करताना. इतर बऱ्याच कागदांना कमी मुद्रांक असेल तर दंड भरून पुराव्यात आणता येतं. नोट आणि विनिमयपत्राला मुद्रांक कायद्यात ती सवलत नाही. म्हणून जुन्या नोटेवर आज मागाहून तिकीट चिकटवणं निरुपयोगी आहे, आणि ते चिकटवलेलं दिसतंही: सही तिकिटावरून जाण्याऐवजी त्याच्या कडेला येऊन थांबते.

‘मागताक्षणी देईन’ अशी नोट असेल, तर मुदतीचा हिशेब आणखी फसवा आहे. दाव्याची तीन वर्षं मागणी केल्यापासून मोजत नाहीत. वेगळ्या लेखी अटीने दावा पुढे ढकललेला नसेल, तर ती नोटेवरच्या तारखेपासूनच धावतात. मागणीच केली नाही म्हणून अजून वेळ आहे, असं समजून चौथ्या वर्षी वकिलाकडे गेलेल्या माणसाच्या हातात फक्त सही असलेला कागद उरतो.