ऑनलाइन प्रॉक्टर्ड परीक्षा: ‘१० ते १२’ म्हणजे नक्की काय, आणि इतर अडचणी

नोकरीसाठीच्या ॲप्टिट्यूड आणि इंग्रजी संभाषणाच्या, कॅमेऱ्यातून लक्ष ठेवून घेतल्या जाणाऱ्या ऑनलाइन परीक्षेत मुलं गणितापेक्षा सूचनांच्या मेलवर जास्त अडकतात. डिचोलीच्या एका मुलीला मेल आला होता: वेळ सकाळी १० ते १२, कालावधी ९० मिनिटं. बाराच्या आत कधीही बसलं तरी चालेल असं समजून तिने सव्वाअकराला लॉगिन केलं. कॅमेरा, माइक आणि ओळखपत्राच्या तपासणीत दहा मिनिटं गेली, आणि ठीक बाराला पेपर आपोआप जमा झाला. नव्वदऐवजी पस्तीस मिनिटं मिळाली. बोलण्याचा विभाग शेवटी होता, तो उघडलाच नाही.

काही परीक्षांत १२ ही सुरू करण्याची शेवटची वेळ असते, काहींत संपण्याची. हे एका ओळीत स्पष्ट लिहायला काय हरकत आहे, कळत नाही. तोवर १२ ही संपण्याचीच वेळ धरा आणि दहाला हजर राहा.

ओळखपत्र मूळ कार्डच हातात हवं. डिजिलॉकरमधलं दाखवायला मोबाईल कॅमेऱ्यासमोर धरलात, तर बऱ्याच ठिकाणी तीच नियमभंगाची नोंद होते. अर्जातलं नाव कार्डाशी अक्षरशः जुळतं का, तेही बघा.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. घरी इन्व्हर्टर असेल, तर राउटरचा प्लग त्याच लाइनवर आहे का ते मेन स्विच बंद करून एकदा तपासा. नसेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशीच लॅपटॉपला जोडून ठेवा, आणि परीक्षेवेळी तो सुरू करून मोबाईल घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. कनेक्शन तुटलं तर त्याच लिंकने लगेच परत आत जा. बहुतेक वेळा पेपर अडलेल्या जागेवरून सुरू होतो, पण घड्याळ थांबलेलं असेलच असं नाही.

बोलण्याच्या विभागात खरा त्रास आवाजाचा. ‘ऐका आणि पुन्हा म्हणा’ प्रकारात बीपनंतरच रेकॉर्डिंग सुरू होतं. घाई केली तर वाक्याचा पहिला शब्द कापला जातो, फार थांबलं तर पुढचं वाक्य येतं. गुण बहुधा संगणकच देतो. पत्र्यावर पडणारा पाऊस किंवा पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा तुमच्या आवाजात मिसळला, तर त्याला शब्द नीट ओळखता येत नाहीत. म्हणून पत्र्याखालची खोली सोडा, खिडक्या लावा, वायरचा हेडसेट वापरा. ब्लूटूथचा माइक चालू झाला की आवाज अनेकदा दबका होतो. त्याच खोलीत, पंखा चालू ठेवून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ऐका. पंख्याची घरघर शब्दांइतकी स्पष्ट आली, तर परीक्षेपुरता पंखा बंद करा.

एवढं करूनही पेपर मध्येच बंद पडला, तर त्याच दिवशी हेल्पडेस्कला परीक्षेचा आयडी, कितीला तुटलं आणि कोणत्या विभागात, एवढं मेलने कळवा. फोनवर सांगितलेल्याची नोंद राहीलच असं नाही.