ग्लासवरचा घाम आणि न वितळणारा बर्फ

पेयाच्या फोटोत ग्लास थंड दिसावा ही मागणी जुनीच. अडचण होती दिव्यांची. फ्लॅश सर्रास येण्याआधी स्टुडिओत तापट दिवे जळत. फोकस जुळेपर्यंत बर्फ विरघळून पेय पातळ व्हायचं आणि बाहेरचे थेंब ओघळून रेषा पडायच्या. त्यातून दोन उपाय रुळले, बर्फाऐवजी ॲक्रिलिकचे पारदर्शक खडे आणि थेंबांसाठी ग्लिसरिन.

थेंबांची कृती फारशी बदललेली नाही. कोरड्या ग्लासवर पेयाच्या पातळीच्या वर कागदी टेप लावायचा, कारण खरा घाम गार भागावरच धरतो. खाली मॅट स्प्रेचा अगदी पातळ थर, मग पाणी आणि ग्लिसरिन निम्मेनिम्मे करून बाटलीने फवारायचं. ग्लिसरिन सहसा उडत नाही, म्हणून थेंब तासन्‌तास जागेवर राहतात. मोठे थेंब सुईने एकेक ठेवतात. पेय सर्वांत शेवटी, नरसाळ्याने. थेंब काठापर्यंत सारखेच पसरलेले दिसले, तर टेप विसरला असं समजावं.

वाद झाला तो मात्र बर्फावर नव्हे, सूपवर. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका सूप कंपनीच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्या वर दिसाव्यात. नियामकाने हरकत घेतली आणि कंपनीने ते थांबवायचं मान्य केलं. पुढे याचा अर्थ ‘फोटोत काहीही नकली नको’ असा सांगितला जाऊ लागला. माझ्या मते तो चुकीचा आहे. आक्षेप गोट्यांवर नव्हता. विकल्या जाणाऱ्या मालात भाज्या आहेत त्याहून जास्त भासत होत्या, यावर होता. सरबत विकणारा बर्फ विकत नाही, म्हणून ॲक्रिलिकचा खडा त्या आक्षेपात बसत नाही. पण खड्यांनी पातळी चढवून थोडंसं सरबत भरगच्च ग्लास म्हणून दाखवलं आणि मापाचा दावाही केला, तर तो गोट्यांचाच प्रकार झाला.

‘नकली बर्फ’ या शब्दानेही घोळ होतो. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून तरंगतो. त्याचा साधारण दहावा भाग वर राहतो. ॲक्रिलिक पाण्याहून जड, ते बुडतं. त्यामुळे खडे तळापासून रचत वर आणावे लागतात. रचना चुकली की वर मोकळं पाणी आणि खाली बुडालेले खडे, अशी चोरी लगेच पकडली जाते. उलट खरा स्वच्छ बर्फ पाण्यात जवळजवळ अदृश्य होतो, कारण दोघांतून प्रकाश जवळपास सारखाच वळतो. ॲक्रिलिकमध्ये तो जास्त वळतो, म्हणून कडा उठून दिसतात. म्हणजे फोटोत ‘खरा’ वाटतो तो बहुधा नकलीच.

डिजिटल काळात ही कसरत सैल झाली. ग्लास, थेंब आणि बर्फ वेगवेगळे टिपून जोडता येतात. त्यासाठी कॅमेरा आणि ग्लास तसूभर हलता कामा नये. आता वितळणाऱ्या खऱ्या बर्फाचा एक फ्रेम पुरतो, आणि काही छायाचित्रकार पुन्हा त्याच्याकडे वळले आहेत. ग्लिसरिन मात्र कुणी सोडलेलं नाही.