धावफलकाचा जमाखर्च

धावफलकावर प्रत्येक धाव दोनदा नोंदली जाते, एकदा फलंदाजाच्या किंवा अवांतर धावांच्या खात्यात आणि दुसऱ्यांदा गोलंदाजाच्या पृथक्करणात. अपवाद फक्त बाय, लेगबाय आणि दंडाच्या धावांचा, कारण त्या गोलंदाजाच्या नावावर चढत नाहीत. जमाखर्चाच्या वहीसारख्या या दुहेरी नोंदीमुळे सामना न पाहताही फलकातली विसंगती शोधता येते.

समजा, पुण्यातल्या एका क्लब सामन्यात २० षटकांत ७ बाद १४८ अशी नोंद आहे. फलंदाजांच्या धावांची बेरीज १३४ असून अवांतर धावा १३ आहेत (बाय २, लेगबाय ४, वाइड ६, नोबॉल १). ही बेरीज १४७ भरते, म्हणजे एक धाव कमी पडते. सहा गोलंदाजांनी दिलेल्या धावा मात्र ३१, २७, २४, २९, १९ आणि १२, म्हणजे १४२ आहेत. त्यांत बाय-लेगबायच्या ६ मिळवल्या की बरोबर १४८ होतात. त्यामुळे एकूण धावसंख्येपेक्षा पहिल्या बाजूवर संशय जातो. गोलंदाजांच्या रकान्यांतल्या वाइडच्या धावांची बेरीज ७ निघाली, तर हरवलेली धाव बहुधा तीच.

फलंदाजांनी खेळलेले चेंडूही याला दुजोरा देतात. वाइड चेंडू खेळलेल्यांत धरत नाहीत, नोबॉल धरतात. म्हणून ही बेरीज १२० अधिक १, म्हणजे १२१ यायला हवी, आणि इथे ती तेवढीच आहे.

षटकांच्या बाबतीत खोटा इशारा मिळण्याचा धोका असतो. चौघांनी प्रत्येकी ४ षटके टाकली, पाचव्याने २.४ आणि सहाव्याने १.२. साध्या दशांश बेरजेने १९.६ असे उत्तर येते, पण बिंदूनंतरचा अंक चेंडूंचा असल्यामुळे १६ आणि ८ मिळून २४ चेंडू, म्हणजे पूर्ण ४ षटके होतात. इथे विसंगती नाहीच.

बळींमध्ये मात्र ती आहे. फलंदाजांच्या नोंदीनुसार दोघे धावबाद आहेत, त्यामुळे गोलंदाजांच्या वाट्याला ५ बळी यायला हवेत. पृथक्करणात ६ दिसतात. पाचव्या गोलंदाजापुढे एक बळी लिहिला आहे, पण बाद झालेल्या एकाही फलंदाजाच्या ओळीत त्याचे नाव नाही. धावबादाचा बळी चुकून त्याला दिला गेला, की खरा बळी ‘धावबाद’ म्हणून लिहिला गेला, हे फलकावरून ठरत नाही. म्हणून तपासणाऱ्याने आकडा परस्पर दुरुस्त करू नये. कोणत्या दोन नोंदी जुळत नाहीत आणि किती फरकाने, एवढे लिहून निर्णय चेंडूगणिक नोंदीवर सोपवावा.

गडी मोजण्याची पडताळणी सर्वांत सोपी आहे. १९४८ साली पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर असताना महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ होती. मधेच कोणी निवृत्त झाले नसेल, तर अशा फलकावर फलंदाजी केलेले सहाच जण असायला हवेत.

एका फलंदाजाची एकेरी धाव चेंडूसकट दुसऱ्याच्या नावावर गेली, तर मात्र वरच्या सगळ्या बेरजा बिनबोभाट जुळतात. अशी चूक दोन गुणलेखकांच्या स्वतंत्र वह्या षटकागणिक ताडून पाहिल्या तरच सापडते.