पहिले महायुद्ध : कारणे

पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१८) कारणांचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. यूरोपात युद्ध शक्य करणारी परिस्थिती १८७० नंतरच्या चार दशकांत घडत गेली, तर ते युद्ध प्रत्यक्षात पेटले २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ या सुमारे पाच आठवड्यांत. दीर्घकालीन कारणांवरून युद्ध अटळ होते असा निष्कर्ष काढता येत नाही. मोरोक्कोवरून १९०५ व १९११ मध्ये, बॉस्नियावरून १९०८ मध्ये आणि बाल्कन युद्धांच्या वेळी १९१२–१३ मध्ये हेच तणाव शिगेला पोहोचले होते, तरी दर वेळी मोठ्या सत्तांमधील युद्ध टळले. म्हणून १९१४ मध्ये ते का टळले नाही, हाच या विषयातील कळीचा प्रश्न ठरतो.

दीर्घकालीन कारणे : १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सचा आल्सेस-लॉरेन हा प्रदेश घेतल्यामुळे या दोन देशांत कायमचे वैर आले. १८७९ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांचा करार झाला आणि १८८२ मध्ये त्यात इटली सामील झाला. जर्मनीने रशियाशी असलेला करार १८९० मध्ये पुढे चालू ठेवला नाही, त्यामुळे रशिया फ्रान्सकडे वळला आणि १८९४ पर्यंत त्यांची लष्करी युती पक्की झाली. ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी व १९०७ मध्ये रशियाशी जुने वाद मिटवले; मात्र त्या समझोत्यांत युद्धात उतरण्याचे बंधन नव्हते. ब्रिटन व जर्मनी यांच्यातील आरमारी चढाओढीचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. तिने ब्रिटनला फ्रान्सच्या जवळ आणले हे खरे, परंतु १९१२ नंतर तिची तीव्रता ओसरली होती.

याहून अधिक स्फोटक प्रश्न बाल्कन प्रदेशाचा होता. ऑस्मानी साम्राज्य मागे हटत असताना तेथील पोकळी भरून काढण्यासाठी ऑस्ट्रिया व रशिया यांच्यात स्पर्धा सुरू झाली. १८७८ पासून ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेला बॉस्निया-हर्झेगोव्हिना त्याने १९०८ मध्ये साम्राज्याला जोडला. तेथे सर्ब लोकसंख्या मोठी असल्याने सर्बियात संतापाची लाट उसळली. जपानकडून झालेल्या पराभवातून नुकत्याच सावरणाऱ्या रशियाला मात्र जर्मनीच्या दडपणाखाली माघार घ्यावी लागली. पुन्हा असा अपमान सोसायचा नाही, ही भावना रशियन राज्यकर्त्यांत तेव्हापासून बळावली. बाल्कन युद्धांनंतर सर्बियाचा प्रदेश जवळपास दुप्पट झाला आणि सर्बांसारखी दक्षिण स्लाव्ह वंशाची प्रजा असलेल्या ऑस्ट्रियाला हे लहान राज्य आपल्या अस्तित्वावरचे संकट वाटू लागले.

तात्कालिक कारण : २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनंड व त्यांची पत्नी सोफी यांचा खून झाला. त्या सकाळी नेदेल्को चाब्रिनोविच याने फेकलेला बाँब मागच्या मोटारीखाली फुटला व युवराज बचावले. जखमी अधिकाऱ्याच्या भेटीसाठी नंतर मार्ग बदलण्यात आला, पण चालकाला त्याची कल्पना दिली गेली नाही. त्याने मोटार जुन्या मार्गाने वळवली आणि चूक लक्षात येऊन ती थांबताच जवळच उभ्या असलेल्या गाव्ह्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या बॉस्नियन सर्ब तरुणाने गोळ्या झाडल्या.

या कटात सर्बियाचा हात किती होता, याविषयी मतभेद आहेत. शस्त्रे बेलग्रेडमधून आली आणि सर्बियन अधिकाऱ्यांच्या मदतीने ती सीमेपार नेली गेली, हे सर्वमान्य आहे. सर्बियन लष्करी गुप्तचर विभागाचा प्रमुख द्रागुतिन दिमित्रियेविच हा ‘काळा हात’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुप्त संघटनेचाही सूत्रधार होता. १९१७ मध्ये सलोनिका येथील लष्करी खटल्यात त्याने कटाची जबाबदारी स्वीकारली, तथापि तो खटला राजकीय हेतूने चालवला गेल्यामुळे ही कबुली सावधपणेच घ्यावी लागते. सर्बियाचे पंतप्रधान पाशिच यांना शस्त्रधारी तरुण सीमा ओलांडून गेल्याचे आधी कळले होते. मात्र सरकारनेच कट रचला असे दाखवणारा पुरावा नाही.

जुलैमधील घडामोडी : खुनानंतर युद्धापर्यंत महिनाभराचा अवधी गेला, ही बाब महत्त्वाची आहे. ५ व ६ जुलै रोजी जर्मन सम्राट कैसर दुसरा विल्यम आणि त्याचा चॅन्सलर यांनी ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला. हंगेरीचे पंतप्रधान टिसा यांचा सर्बियाविरुद्धच्या युद्धाला असलेला विरोध १४ जुलैच्या सुमारास मावळला. फ्रान्सचे अध्यक्ष त्या वेळी रशियाच्या भेटीवर होते. ते तेथून निघेपर्यंत थांबून ऑस्ट्रियाने २३ जुलै रोजी सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांचा निर्वाणीचा खलिता दिला. सर्बियाने बहुतेक मागण्या, काही अटींसह, मान्य केल्या. सहावी मागणी मात्र नाकारली, कारण खुनाच्या न्यायालयीन चौकशीत ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांना सहभागी करून घेणे सर्बियाच्या राज्यघटनेत बसत नव्हते. हे उत्तर वाचून युद्धाचे कारणच उरले नाही, असे खुद्द कैसरने २८ जुलैला नमूद केले. पण त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले.

येथून पुढे राजनीतीवर लष्करी वेळापत्रकाने कुरघोडी केली. रशियाने प्रथम केवळ ऑस्ट्रियाविरुद्ध सैन्याची अंशतः जमवाजमव करण्याचे योजले होते. परंतु सैन्य व रेल्वेगाड्या एकदा त्या दिशेने हलल्या की पुढे सर्वंकष जमवाजमव करताना सगळा गोंधळ होईल, असे सेनापतींचे म्हणणे पडले. झारने २९ जुलैला दिलेला सर्वंकष आदेश कैसरची तार आल्यावर मागे घेतला आणि ३० जुलैला पुन्हा दिला. विस्तीर्ण प्रदेशामुळे रशियन सैन्य एकत्र येण्यास कित्येक आठवडे लागणार होते. त्याआधी सुमारे सहा आठवड्यांत फ्रान्सचा पाडाव करायचा, यावर जर्मनीची सारी योजना बेतलेली होती. केवळ रशियाविरुद्ध सैन्य पाठवण्याची पर्यायी योजना जर्मन सेनामुख्यालयाने १९१३ मध्येच सोडून दिली होती. शिवाय फ्रान्सवरील चढाईचा मार्ग बेल्जियममधून जात असल्याने तेथील लिएज शहराचे किल्ले व रेल्वेकेंद्र पहिल्या काही दिवसांतच घेणे आवश्यक होते. त्यामुळे इतर देशांची जमवाजमव झाल्यावरही वाटाघाटींना वाव राहत होता, तर जर्मनीची जमवाजमव म्हणजे थेट आक्रमणच ठरत होते. १ ऑगस्टला सैन्य पूर्वेकडे वळवण्याची कैसरची सूचना सरसेनापती मोल्टके याने अशक्य म्हणून फेटाळली. जर्मनीने १ ऑगस्टला रशियाविरुद्ध व ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरल्यावर, त्या देशाच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९ च्या तहाचा आधार घेऊन ब्रिटन युद्धात उतरले. इटली मात्र युती केवळ संरक्षणात्मक आहे असे सांगून तटस्थ राहिला. करारांमुळे सर्व राष्ट्रे आपोआप युद्धात ओढली गेली, हे प्रचलित स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरते.

मतमतांतरे : १९१९ च्या व्हर्साय तहाच्या २३१ व्या कलमाने जबाबदारी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली. दोन महायुद्धांच्या दरम्यान युद्ध ही सर्वांची सामायिक चूक होती, हे मत रूढ झाले. १९६१ मध्ये जर्मन इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी जर्मनीच्या विस्तारवादी उद्दिष्टांवर बोट ठेवले व त्यावरून मोठा वाद झाला. जर्मनीने हे युद्ध आधीच ठरवून घडवले, हे त्यांचे नंतरचे प्रतिपादन आज फारसे स्वीकारले जात नाही. ख्रिस्तोफर क्लार्क यांच्यासारखे अलीकडचे अभ्यासक रशिया, फ्रान्स व सर्बिया यांच्या निर्णयांकडेही लक्ष वेधतात. मात्र कालक्रम पाहता बर्लिनचा पाठिंबा आणि सर्बियाशी युद्ध करण्याचा व्हिएन्नाचा निश्चय हे दोन्ही निर्णय रशियाच्या जमवाजमवीच्या किमान दोन आठवडे आधी झालेले होते. स्थानिक युद्धाचे रूपांतर यूरोपीय युद्धात होण्याचा धोका तेव्हा दोन्ही राजधान्यांनी जाणून स्वीकारला, असे मानणे उपलब्ध कागदपत्रांशी अधिक जुळते.