निकाल पुसणे आणि निकालाचा आधार काढून घेणे : सत्ताविभाजनाची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांचे सराव पेपर तपासताना सत्ताविभाजनाच्या उत्तराची सुरुवात बहुतेक वेळा अठराव्या शतकातल्या फ्रेंच विचारवंतापासून होते. दीड पान त्यातच जाते. मग विधिमंडळ, कार्यकारी सत्ता आणि न्यायसंस्था या तीन अंगांची व्याख्या, अमेरिकेशी तुलना, अनुच्छेद 50 आणि शेवटी 'भारतात काटेकोर विभाजन नाही' हे वाक्य. यात चुकीचे काही नाही, पण प्रश्नाचे उत्तरही नाही. भारतात हा सिद्धान्त प्रत्यक्ष कुठे लागला आणि कुठे लागता लागता राहिला, हे कळायला 1975 च्या निवडणूक खटल्याकडे यावे लागते. म्हणून आधीचा काळ इथे थोडक्यात उरकतो.

संविधान सभेत विभाजनाचे स्वतंत्र कलम घालण्याची सूचना एका सदस्याने मांडली होती. ती फेटाळली गेली. संसदीय पद्धतीत मंत्री सभागृहातच बसतात, त्यामुळे कडक भिंत शक्य नव्हती. 1955 च्या राम जवाया कपूर खटल्यात न्यायालयाने हेच नोंदवले: सिद्धान्त त्याच्या पूर्ण कठोर रूपात संविधानात नाही, पण प्रत्येक अंगाची कामे पुरेशी वेगळी केलेली आहेत. पाठ्यपुस्तके पहिला भाग उचलतात. परीक्षेत आणि न्यायालयात कामाचा भाग दुसरा आहे.

आता 1975. रायबरेलीतून 1971 साली झालेली पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवड अलाहाबाद उच्च न्यायालयाने 12 जून 1975 रोजी रद्द केली. निष्कर्ष दोन होते. एक, सरकारी सेवेत असलेल्या अधिकाऱ्याची मदत प्रचारासाठी घेतली गेली. त्याने राजीनामा दिला होता, पण तो कोणत्या तारखेपासून लागू झाला, हा वाद होता. दोन, राज्याच्या अधिकाऱ्यांनी सभांसाठी व्यासपीठे आणि ध्वनिवर्धकांची सोय केली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 च्या उपकलम 7 खाली हा भ्रष्ट आचार ठरला. उमेदवार नेमकी कधीपासून 'उमेदवार' होते, हा मुद्दा यात निर्णायक होता. जुन्या व्याख्येत, आपण उभे राहणार असे सांगितले त्या दिवसापासून माणूस उमेदवार धरला जाई, आणि उच्च न्यायालयाने ती तारीख डिसेंबर 1970 मधली धरली.

अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान आणीबाणी आली आणि संसदेने दोन वेगवेगळ्या गोष्टी केल्या. विद्यार्थी इथे नेहमी गल्लत करतात, म्हणून त्या वेगळ्याच वाचाव्यात.

पहिली गोष्ट साध्या कायद्याची. ऑगस्ट 1975 मध्ये निवडणूक कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती मागील तारखेपासून लागू केली गेली. उमेदवार म्हणजे रीतसर नामनिर्देशन झालेली व्यक्ती, अशी व्याख्या झाली. त्यामुळे 1 फेब्रुवारी 1971 च्या आधीची मदत हिशेबातूनच गेली. अधिकाऱ्याच्या राजीनाम्याबाबत राजपत्रात दिलेली तारीख निर्णायक ठरवली. कर्तव्य बजावताना अधिकाऱ्यांनी केलेली व्यवस्था म्हणजे प्रचारात मदत नव्हे, असेही लिहिले.

दुसरी गोष्ट 39 व्या घटनादुरुस्तीची. ती 10 ऑगस्टला अमलात आली, तेव्हा अपिलाची सुनावणी तोंडावर होती. तिने अनुच्छेद 329-अ आणला. त्याच्या चौथ्या खंडाने म्हटले की निवडणूक याचिकांचा आधीचा कोणताही कायदा पंतप्रधान आणि लोकसभेचे अध्यक्ष यांच्या निवडीला लागू नाही आणि तो कधी लागू नव्हताच. निवड वैध आहे. आणि न्यायालयाचा निकाल व त्यातले निष्कर्ष शून्य आहेत. पाचव्या खंडाने सांगितले की प्रलंबित अपील याच चौकटीत निकाली काढावे.

7 नोव्हेंबर 1975 रोजी पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. चौघांनी चौथा खंड रद्द केला. पाचव्याने त्याचा अर्थ असा लावला की गुणदोष तपासायला न्यायालयाला आडकाठी राहत नाही. निवड मात्र टिकली, कारण बदललेल्या साध्या कायद्याखाली भ्रष्ट आचार उरलाच नाही.

'सत्ताविभाजन मूलभूत संरचनेचा भाग आहे असे या खटल्यात ठरले', हे वाक्य उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा येते की ते खरेच वाटू लागते. मूलभूत संरचना म्हणजे घटनादुरुस्तीनेही मोडता न येणारा घटनेचा गाभा. पण निकालपत्रे पाच आहेत आणि कारणे एक नाहीत. एकाने मुक्त आणि न्याय्य निवडणुकांवर, म्हणजे लोकशाहीवर भर दिला. एकाने समानता आणि कायद्याचे राज्य पुढे ठेवले आणि त्यासोबत सांगितले की निव्वळ न्यायिक काम विधिमंडळाने हाती घेणे आपल्या घटनेत बसत नाही. आणखी एकाचे म्हणणे होते की घटनादुरुस्तीची शक्ती कितीही मोठी असली तरी कायदाच न लावता एक खटला निकाली काढणे हे तिचे काम नव्हे. सरन्यायाधीशांनी तर काटेकोर विभाजन भारताला लागू नाही असेच म्हटले, तरीही खंड टिकला नाही. म्हणून परीक्षेत लिहायचे ते असे: बहुमताने खंड रद्द केला, कारणे वेगवेगळी होती, आणि त्यांतून पुढच्या खटल्यांनी सत्ताविभाजनाचा धागा उचलून बळकट केला. हे एक वाक्य परीक्षकाला दाखवते की तुम्ही निकाल वाचला आहे, त्याचा सारांश नाही.

माझ्या मते साध्या कायद्याबाबत न्यायालय जास्तच सौम्य राहिले. एकाच खटल्यासाठी बेतलेली दुरुस्ती सर्वसाधारण भाषेत लिहिली की ती चालते, असा त्यातून निघणारा अर्थ अस्वस्थ करतो. पण नियम तोच आहे, आणि तो 1975 चा शोध नव्हे. 1969 च्या पृथ्वी कॉटन मिल्स खटल्यात तो आधीच मांडला गेला होता. गुजरातेत नगरपालिका इमारतीच्या भांडवली मूल्यावर 'रेट' आकारत होत्या; 'रेट' म्हणजे वार्षिक भाड्याच्या मूल्यावरची आकारणी, असे न्यायालयाने आधी ठरवले होते. विधिमंडळाने विधिग्राह्यीकरणाचा कायदा करून 'रेट'चा अर्थच विस्तारला आणि जुनी आकारणी त्याखाली बसवली. ते टिकले. ज्या परिस्थितीवर निकाल उभा होता ती इतकी बदलली पाहिजे की बदललेल्या परिस्थितीत तो निकाल देताच आला नसता, ही ती कसोटी. पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या एका प्रकरणात, न्यायालयाने परत करायला सांगितलेला कर महापालिकेने रोखून ठेवावा अशी तरतूद आली. ती पडली, कारण तिने कायद्यातला दोष दूर केला नव्हता, फक्त आदेश न पाळण्याची मुभा दिली होती.

समस्याप्रधान प्रश्नात हे कसे वापरायचे, ते एका काल्पनिक उदाहरणावर पाहू. कोकणातल्या एका नगरपरिषदेने जेट्टीवरून मासळी नेणाऱ्या प्रत्येक वाहनावर 50 रुपये कर लावला. मूळ कायद्यात नगरपरिषदेला असा अधिकारच नव्हता, म्हणून उच्च न्यायालयाने कर रद्द करून रक्कम परत करायला सांगितले. राज्य विधिमंडळाने मग कायदा केला. त्याचे तीन मसुदे कल्पा.

पहिल्यात लिहिले आहे: 'कोणत्याही न्यायालयाचा निकाल काहीही असो, हा कर वैध समजावा आणि रक्कम परत करू नये.' हा पडेल. अधिकार नसल्याचा दोष तसाच आहे, निकाल तेवढा पुसला आहे.

दुसऱ्यात मूळ कायद्यात मागील तारखेपासून नवे कलम घातले आहे, त्याने नगरपरिषदेला वाहनकराचा अधिकार दिला आहे आणि आधीची आकारणी त्या कलमाखाली झाली असे मानले आहे. राज्यसूचीतील नोंद 57 वाहनांवरील करांची आहे, म्हणजे विधिमंडळाची क्षमता आहे. दोषही गेला. हा बहुधा टिकेल, आणि रक्कम परत न करण्याचे कलमही त्याच्यासोबत टिकेल.

तिसऱ्यात गुंतागुंत आहे. समजा न्यायालयाने कर रद्द केला तो अधिकार नाही म्हणून नव्हे. तो फक्त बाहेरगावच्या बोटींची मासळी नेणाऱ्या वाहनांवर होता आणि त्या भेदाला काही आधार नव्हता, म्हणजे अनुच्छेद 14 चा भंग होता. आता विधिमंडळाने अधिकार देणारे कलम कितीही मागच्या तारखेने घातले तरी उपयोग नाही. भेद काढल्याशिवाय दोष जात नाही. विद्यार्थी इथे गुण गमावतात, कारण 'मागील तारखेचा कायदा चालतो' एवढेच त्यांनी पाठ केलेले असते. उत्तरात निकालाचे कारण आधी एका ओळीत लिहावे, नंतरच्या कायद्याने नेमके काय बदलले ते दुसऱ्या ओळीत, आणि दोन्हींची गाठ पडते का ते तिसऱ्या ओळीत. खटल्यांची नावे त्यानंतर.

शेवटचा भाग कार्यकारी सत्तेचा, आणि तो किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ओळखीचा आहे. 1991 च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत खाडी आणि नदीकाठी नियंत्रणाचे अंतर कमी करता येत असे, पण 100 मीटर किंवा पात्राची रुंदी, यांपैकी जे कमी असेल त्याच्या खाली नाही. 1994 च्या दुरुस्तीने 100 चे 50 केले, शिवाय बांधकामबंदीच्या पट्ट्यात सवलत देण्याचा मोकळा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केले. अंतर निम्मे करण्याचे कारण दिलेले नव्हते आणि मूळ पर्यावरण कायद्याच्या हेतूशी ते विसंगत होते; सवलतीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नव्हती. इथे पुनर्विलोकनाची पातळी वेगळी आहे: घटनादुरुस्ती मूलभूत संरचनेशी ताडली जाते, साधा कायदा घटनेशी, आणि अधिसूचना घटनेबरोबरच आपल्या मूळ कायद्याशीही. उत्तरात कोणती पातळी आहे हे न सांगता 'न्यायालयाने रद्द केले' असे लिहिले की अर्धा मुद्दा हातचा जातो.

2019 च्या अधिसूचनेत खाडीकाठचे अंतर पुन्हा 50 मीटर किंवा पात्राची रुंदी, यांपैकी कमी असेल ते, असे आले. न्यायालयाने रद्द केलेला आकडा सरकारने परत आणला म्हणून हा न्यायालयाचा अवमान आहे, असे काही विद्यार्थी लिहितात. तसे नाही. 1996 चा निकाल 50 हा आकडा कायमचा निषिद्ध करत नव्हता. तो विनाकारण केलेल्या कपातीवर होता. नव्या अधिसूचनेमागे समितीचा अभ्यास आणि तिची स्वतःची कारणे आहेत. ती कारणे मूळ कायद्याच्या हेतूला पुरतात का, हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे. दाभोळची किंवा जयगडची खाडी समोर ठेवून परीक्षेत त्यावर लिहायचे असेल तर सुरुवात तिथूनच करावी.