लाइट लागून आहे, मग आवाज कुठे गेला?

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या यवतमाळकडे रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरं आणि रोही आवाजाला बिचकतात, म्हणून शेजारचे काका मचाणावर ब्लूटूथ स्पीकर ठेवून भजनं लावतात. नवा फोन घेतल्यापासून मात्र स्क्रीन बंद झाली की दहा-बारा मिनिटांत भजन थांबायचं. "स्पीकरचा लाइट तं लागून हाये, मंग आवाज कुठी गेला?" काकांनी विचारलं.

लाइट लागून होता, म्हणजे ब्लूटूथची जोडणी शाबूत होती. पण स्पीकरजवळ भजन नसतंच. फोनमधलं अ‍ॅप मेमरी कार्डवरची फाइल उघडून वाचतं आणि फोन तो आवाज लहान लहान तुकड्यांत स्पीकरकडे पाठवत राहतो. अ‍ॅपच बंद पडलं तर पाठवायला काही उरत नाही. नेटवरून गाणं चालू असतं तर रेंजवर संशय घेता आला असता. इथे फाइल फोनमध्येच होती.

अँड्रॉइडमध्ये 2015 सालच्या सहाव्या आवृत्तीपासून 'डोझ' नावाची सोय आहे. स्क्रीन बंद, चार्जर नाही आणि फोन हलत नाही, असं बराच वेळ राहिलं की फोन गाढ झोपेत जातो आणि मागे चाललेली कामं रोखतो. मचाणावरचा फोन या तिन्ही अटींत बसतो. गाण्याच्या अ‍ॅपला यातून सवलत आहे. 'मी चालू आहे' अशी सूचना ते पडद्यावर कायम दाखवत असेल, तर अँड्रॉइड त्याला सहसा हात लावत नाही. पण काही कंपन्या बॅटरी जास्त टिकावी म्हणून स्वतःचे कडक नियम वर चढवतात, आणि ते ही सवलत जुमानत नाहीत. मला हे चुकीचंच वाटतं, कारण माणसाने स्वतः सुरू केलेलं काम फोनने परस्पर बंद करू नये.

खूण सोपी आहे. आवाज थांबताच लॉक स्क्रीन पाहायची. गाण्याची पट्टी तिथे असेल तर अ‍ॅप जिवंत आहे; मग आवाज थांबण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं. पट्टीच गायब असेल तर अ‍ॅप मारलं गेलंय. हे लगेच पाहावं लागतं, कारण बरेच स्पीकर काही वेळ आवाज आला नाही की आपणच बंद होतात आणि सकाळी काहीच कळत नाही. काकांच्या फोनवर पट्टी नव्हती. दुसऱ्या रात्री पॉवर बँक लावून ठेवली, तर भजन थांबलं नाही. संशय बॅटरीच्या नियमावरच पक्का झाला.

मग अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून ठेवलं, `App info` उघडलं, `Battery` मध्ये जाऊन `Unrestricted` निवडलं. जुन्या फोनांत हीच सोय `Don't optimize` या नावाने सापडते. यात बॅटरी थोडी जास्त जाते, पण स्क्रीन रात्रभर चालू ठेवण्यापेक्षा कितीतरी कमी.

काकांना एक सवय मात्र सोडावी लागली. फोन ठेवण्याआधी ते उघडी अ‍ॅप बोटाने सरकवून साफ करायचे, आणि त्यात भजनाचं अ‍ॅपही जायचं.