डीलर नेमणुकीच्या पत्रात ‘आकर्षक मार्जिन’च्या जागी काय लिहावे

पुट्टी, टाइल अ‍ॅडेसिव्ह, रंग असा माल बनवणाऱ्या आमच्या छोट्या उद्योजक ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. डीलर नेमण्यासाठी पाठवल्या जाणाऱ्या बहुतेक पत्रांत चार वाक्ये ठरलेली असतात: आकर्षक मार्जिन, कंपनीचे पूर्ण सहकार्य, स्वतंत्र एरिया, सोप्या अटी. अनुभवी दुकानदार अशा पत्रावर काहीच ठरवू शकत नाही. जो फोन करतो, तोही या चारच गोष्टी विचारतो, आणि तुमचा सेल्समन तोंडी जे सांगेल तेच पुढे वादाचे कारण होते.

सुरुवात मार्जिनपासून करा. ‘२० टक्के’ एवढेच लिहू नका, कशावर २० टक्के ते लिहा. समजा, ४० किलो पुट्टीच्या गोणीची एमआरपी १,१८० रुपये आहे आणि तुम्ही डीलरला ८०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४४ रुपयांना देता. फरक दिसतो २३६ रुपयांचा, पण त्यातले ३६ रुपये डीलरला जीएसटीपोटी भरायचे असतात. त्याचे खरे उरतात २००. हे विक्रीवर २० टक्के आणि खरेदीवर २५ टक्के होतात. दोन्ही आकडे बरोबर असल्यामुळेच घोटाळा होतो. त्यात काउंटरवर एमआरपीला गोणी क्वचितच जाते. १,१०० ला विकली तर करापूर्वीची किंमत सुमारे ९३२ येते आणि हातात १३२ राहतात. गाडीभाडे गोणीमागे २० रुपये डीलरवर असेल तर ११२. म्हणून पत्रात असे लिहा: ‘डीलर दर ८०० रुपये अधिक जीएसटी. १०० गोण्यांच्या ऑर्डरला भाडे कंपनीचे, उतरवण्याची हमाली डीलरची. हे दर ३१ मार्चपर्यंत.’ आकडे रुपयांत द्या, टक्के डीलर स्वतः काढतो.

‘सहकार्य’ या शब्दाखाली सगळ्यात जास्त भांडणे पेंटरच्या टोकनवरून होतात. गोणीतले २० रुपयांचे टोकन पेंटर काउंटरवर देतो आणि डीलर गल्ल्यातून रोख देतो. महिन्याला १५० टोकने आली तर त्याचे ३,००० रुपये अडकतात. क्रेडिट नोट तीन महिने आली नाही की तो टोकन घेणे बंद करतो आणि पेंटर दुसऱ्या ब्रँडकडे वळतो. पत्रात टोकन कोणी गोळा करायचे, कधी पाठवायचे आणि क्रेडिट नोट किती दिवसांत मिळेल, या तिन्ही गोष्टी हव्यात. उदाहरणार्थ, ‘दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत टोकने द्यावीत, १२ तारखेपर्यंत क्रेडिट नोट मिळेल.’ पेंटर मीटिंग आणि बोर्ड यांचेही तसेच: तिमाहीत किती, खर्च कुणाचा, कितीपर्यंत. जे नक्की देता येईल तेवढेच लिहा.

पावसाळ्यात दगड झालेल्या गोणीचेही आधीच ठरवा. पोहोचताना फाटलेली किंवा भिजलेली गोणी २४ तासांत फोटो पाठवल्यास कंपनी बदलून देईल. डीलरच्या गोदामात ओल लागून घट्ट झालेली गोणी बदलून मिळणार नाही. पण मग ‘थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, जुना माल आधी विकावा’ हेही लिहायला हवे.

एरिया गावांच्या नावांनी आणि पिनकोडने सांगा. ‘जयसिंगपूर परिसर’ म्हटले की सांगलीचा डीलर कुठपर्यंत येतो यावर वाद होतो. ‘जयसिंगपूर शहर, पिन ४१६१०१, येथे कंपनी दुसरा डीलर नेमणार नाही’ हे स्पष्ट आहे. तुम्ही बिल्डरला थेट माल देत असाल तर तेही आधीच सांगा: एका साइटला ३०० गोण्यांच्या वर पुरवठा कंपनी करेल आणि त्या भागातल्या डीलरला गोणीमागे १५ रुपये मिळतील. शेजारच्या गावचे गिऱ्हाईक स्वतःहून आले तर त्याला परत पाठवण्याची किंवा अमुक किमतीखाली विकू नये अशी अट मात्र घालू नका. अशा अटी स्पर्धा कायद्यात अडचणीच्या ठरू शकतात.

जबाबदाऱ्यांत पहिली ऑर्डर, तिमाहीची किमान उचल आणि ती न झाल्यास काय, एवढे पुरते. ‘तिमाहीला १८० गोण्या सलग दोन तिमाहींत न उचलल्यास एरिया खुला होईल, डीलरशिप चालू राहील’ असे वाक्य दुकानदार मान्य करतो. उधारीची मुदत लेखी हवीच. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल, तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे.

पत्र दुरुस्तीसाठी आणताना जुने पत्र, चालू दरपत्रक, उद्यम प्रमाणपत्र आणि गेल्या तिमाहीत डीलरना दिलेल्या क्रेडिट नोटा सोबत आणा. कुठल्या वाक्यावरून वाद झाले, ते त्या नोटांवरून आम्हाला लगेच कळते.